अरबी चिठ्ठीआधी पट्टीची मागची बाजू बघा

प्रश्न: माझे मिस्टर सौदीत जुबैलला कंपनीत आहेत. शुगर आणि बीपीच्या गोळ्या आता तिकडच्याच मेडिकलमधून घेतात. खोक्यावर चिकटवलेली चिठ्ठी सगळी अरबीत असते. त्यांना वाचता येत नाही, म्हणून फोटो आम्हाला पाठवतात. आम्ही इथे दापोलीत बसून काय करू शकतो?

उत्तर:

ताई, चिठ्ठीचा फोटो मागवाच, पण सुरुवात तिथून करू नका. आधी गोळ्यांच्या पट्टीच्या मागच्या, चंदेरी बाजूचा फोटो मागवा. सौदीत विकल्या जाणाऱ्या औषधांच्या खोक्यावर अरबीसोबत इंग्रजीही छापलेलं असतं. पट्टीवरही औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा बहुतेक वेळा इंग्रजीत सापडतो. त्यावरून गोळी कसली आणि किती ताकदीची हे दापोलीतला कुठलाही फार्मासिस्ट सांगेल. ती दिवसातून किती वेळा घ्यायची, जेवणाआधी की नंतर, हे मात्र फक्त चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतं. ते ज्या मेडिकलने चिठ्ठी लावली तिथल्याच माणसाकडून वाचून घ्यायचं. इथे बसून आकड्यांवरून अंदाज बांधायचा नाही. शुगरच्या गोळ्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

माझं मेडिकल रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या गावात आहे. आमच्याकडे जवळपास प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी कुवेत, मस्कत, दम्माम नाहीतर बोटीवर असतं, त्यामुळे असे फोटो घेऊन काउंटरवर येणारे लोक मला नवे नाहीत. त्यातलं एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण चूक नेमकी कुठे होते ते त्यात स्वच्छ दिसतं.

आमच्या शेजारच्या वाडीतले एक गृहस्थ दम्मामला एसी दुरुस्तीचं काम करतात. शुगर जुनी. सुट्टीवर आले की सहा महिन्यांच्या गोळ्या इथून घेऊन जायचे. त्यांची गोळी जोडगोळी होती, म्हणजे एकाच गोळीत ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, सकाळी एक आणि रात्री एक. त्या वेळी सुट्टी पुढे ढकलली गेली, गोळ्या संपत आल्या, म्हणून ते तिथल्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांना त्यांनी एवढंच सांगितलं की शुगर आहे. घरून आणलेली पट्टी काही दाखवली नाही. तपासणी झाली आणि दोन खोकी मिळाली. एकात ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅमच्या ३० गोळ्या, दुसऱ्यात मेटफॉर्मिन ८५०. दोन्हींवर अरबी चिठ्ठी.

गोळ्यांचा रंग वेगळा, आकार वेगळा, खोकं वेगळं. त्यांना वाटलं, हे नवीन औषध जोडीला दिलंय. जुन्या बंद करा असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि म्हणणार तरी कसं, जुन्या गोळ्या चालू आहेत हेच तिथे कोणाला माहीत नव्हतं. इथल्या काही पट्ट्या शिल्लक होत्या. त्या चालूच राहिल्या.

राहिला प्रश्न चिठ्ठीचा. त्यांनी मदत मागितली नाही असं अजिबात नाही. खोलीत पेशावरकडचा एक ड्रायव्हर राहायचा, त्याला उर्दू वाचता येत होतं. त्याने दोन्ही खोकी हातात घेतली, चिठ्ठीवरचा आकडा बघितला आणि सांगितलं, यावर दोन आहे, आणि यावरही दोन आहे. आकडा त्याने बरोबरच वाचला होता. फक्त ग्लिमेपिराइडच्या चिठ्ठीवरचा दोन हा औषधाच्या नावापुढचा दोन मिलिग्रॅमचा दोन होता. किती वेळा घ्यायची ते खालच्या ओळीत होतं, पण अक्षरांत लिहिलेलं. रोज एक गोळी, नाश्त्याआधी. तिथे आकडा नव्हताच. त्यामुळे वाचणाऱ्याच्या नजरेत एकच आकडा भरला आणि गृहस्थ दोन्ही गोळ्या दिवसातून दोनदा घेऊ लागले.

हिशेब करून बघा. घरच्या गोळीतून ग्लिमेपिराइड दिवसाला ४ मिलिग्रॅम, नव्या खोक्यातून आणखी ४. एकूण ८. डॉक्टरांनी लिहून दिलेलं होतं २. मेटफॉर्मिनही वाढलंच, पण नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर धोक्याइतकी खाली सहसा जात नाही. खाली पाडणारी गोळी ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि माणूस जेवलाय की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं. दुपारचं जेवण एक तास जरी लांबलं तरी इन्सुलिन आपलं काम करत राहतं आणि रक्तातली साखर उतरत जाते.

पहिले काही दिवस त्यांना दुपारी घाम यायचा, हात थोडे कापायचे. दम्मामच्या उन्हात छतावर चढून काम करणाऱ्याला घामाचं काय नवल वाटणार? म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. उन्हाचा घाम आणि शुगर उतरल्याचा घाम ओळखायची एक खूण आहे. शुगर उतरली की घाम गार असतो, सावलीत किंवा एसीत बसलं तरी येतच राहतो, सोबत थरथर असते, छातीत धडधडतं, एकाएकी भूक लागते. आणि काही गोड खाल्लं की दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटायला लागतं. आठव्या दिवशी जेवायला उशीर झाला. ते शिडीवरून उतरले आणि विचारलेल्या प्रश्नांना भलतीच उत्तरं देऊ लागले. सोबतच्या मुलाने प्रसंगावधान राखून पेप्सीचा कॅन तोंडाला लावला. थोड्या वेळाने ते भानावर आले.

त्या रात्री त्यांनी इमोवर घरी फोन केला. वहिनी धाकट्या दिराला घेऊन तशाच माझ्याकडे आल्या. इथे साडेनऊ वाजले होते, म्हणजे तिकडे सात. सौदी आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, त्यामुळे इथली मेडिकल बंद व्हायच्या वेळीही तिकडची उघडी असतात. ही सोय लक्षात ठेवा.

पहिला फोटो आला तो फक्त चिठ्ठीचा, पिवळ्या दिव्याखाली काढलेला, हललेला. त्यातून काहीच कळेना. चिठ्ठी अशा जागी चिकटवली होती की खोक्यावरचा मिलिग्रॅमचा आकडाच झाकला गेला होता. हे नेहमी होतं. म्हणून मी सांगितलं, चिठ्ठी राहू दे, सगळ्या पट्ट्या खोक्यातून बाहेर काढून पालथ्या घाला, वर बल्ब ठेवा आणि एकेका पट्टीचा जवळून फोटो काढा. घरून नेलेल्या गोळ्याही त्यातच ठेवा. पाच मिनिटांत फोटो आले. तिसरी पट्टी बघताच कळलं की ग्लिमेपिराइड दोन ठिकाणी आहे, इथल्या जोडगोळीत आणि तिकडच्या खोक्यातही.

मग मी त्यांना गोळ्या मोजायला लावल्या. तीसच्या खोक्यात पंधरा उरल्या होत्या. ग्लिमेपिराइड साधारणपणे दिवसातून एकदाच देतात. आठ दिवसांत आठ गेल्या असत्या तर बावीस राहिल्या असत्या. ‘तुम्ही किती घेता?’ असं विचारलं की माणूस जे आठवतं ते सांगतो, किंवा बरोबर वाटेल ते सांगतो. उरलेल्या गोळ्या मोजल्या की खरं काय ते कळतं. तुम्हीही दर पंधरवड्याला मिस्टरांना गोळ्या मोजायला सांगा. खोकं उघडल्याची तारीख त्यावर पेनाने लिहिलेली असली की झालं.

इथून पुढचं मात्र मी ठरवलं नाही. मी एवढंच सांगितलं की आज रात्री ग्लिमेपिराइड असलेली कुठलीच गोळी घेऊ नका, जुनी नाही आणि नवीही नाही. आत्ता पोटभर जेवा. एकटे झोपू नका, कोणालातरी मध्येच उठवायला सांगा. आणि सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून त्याच मेडिकलमध्ये जा. एकटं न झोपण्याचं कारण असं की या गोळीचा असर लांबतो. पेप्सीने शुगर वर येते, पण काही तासांनी ती पुन्हा उतरू शकते, अगदी दुसऱ्या दिवसापर्यंत. साखर खाल्ली, बरं वाटलं, विषय संपला, असं या गोळीत समजायचं नाही. खरं तर असा माणूस त्याच रात्री इस्पितळात दाखवणं अधिक सुरक्षित, आणि तेही मी त्यांना सांगितलं होतं.

मेडिकलमध्ये त्या वेळी काउंटरवर एक मल्याळी फार्मासिस्ट होता. हिंदी बऱ्यापैकी बोलायचा. आमच्या माणसाने फोन त्याच्या हातात दिला. मी त्याला मूळ नावं आणि मिलिग्रॅम वाचून दाखवले, त्याने मला चिठ्ठीवरची ओळ वाचून दाखवली. एकदाच, नाश्त्याआधी. मेटफॉर्मिन दोनदा, जेवणानंतर. घरची जोडगोळी चालू आहे हे ऐकल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, भाईसाब, ये तो पर्चे पे कहीं नहीं है. त्याने लगेच काउंटरवरच शुगर तपासली आणि डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. मग मार्करने दोन्ही खोक्यांवर ठळक अक्षरांत घड्याळाची वेळ घातली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी किडनीची तपासणीही केली, कारण किडनी नीट काम करत नसेल तर हीच गोळी शरीरात जास्त वेळ रेंगाळते. डोस त्यांनी ठरवला. घरच्या पट्ट्या बंद झाल्या.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. काउंटरवर त्यांनी हिंदीत तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. ही गोळी कशाची, दिवसात किती वाजता घ्यायची, आणि माझ्याकडच्या या जुन्या पट्टीतलं औषध यात आहे का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कोणी विचारत नाही. त्यासाठी इथून नेलेली प्रत्येक पट्टी सोबत न्यायला लागते, संपलेली असली तरी. बऱ्याच मेडिकलमध्ये सांगितलं तर चिठ्ठी इंग्रजीत छापूनही देतात. सांगावं मात्र लागतं.

वेळ लिहून घेताना घड्याळाचे आकडे घ्या, सकाळी आठ, रात्री नऊ असे. आपल्याकडे डॉक्टर एक-शून्य-एक लिहितात, ते डावीकडून सकाळ, दुपार, रात्र असं आपण वाचतो. अरबी उजवीकडून वाचतात. सूर्य-चंद्राची चित्रं किंवा रकाने छापले असतील तर सकाळ उजव्या टोकाला असू शकते. एक-शून्य-शून्य उलटं वाचलं तर सकाळची गोळी रात्री जाते, आणि ग्लिमेपिराइड रात्री घेऊन उपाशी झोपलं तर शुगर झोपेतच उतरते.

आकड्यांबद्दलही एक सांगतो, कारण मराठी माणूस इथे हमखास फसतो. अरबी एक, दोन आणि तीन आपल्या आकड्यांसारखेच दिसतात, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळं वाचता येतंय. पण अरबी पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा असतो. आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता एक टिंब. पाचशे मिलिग्रॅम लिहिलं असेल तर आपल्याला एक शून्य आणि पुढे दोन ठिपके दिसतात. सहा हा इंग्रजी सातासारखा दिसतो. सात हा इंग्रजी व्ही आणि आठ म्हणजे तोच व्ही उलटा केलेला. दर सहा तासांनी हे दर सात तासांनी वाटतं ते यामुळे. त्यात चिठ्ठीवर फाइल नंबर असतो, गोळ्यांची संख्या असते, तारीख असते. तारखेत वर्ष चौदाशे काहीतरी दिसलं तर घाबरू नका, ते हिजरी सन आहे. औषधाची मुदत बघायची ती खोक्यावर आणि पट्टीवर कंपनीने छापलेली. चिकटवलेल्या चिठ्ठीवरची तारीख साधारणपणे औषध दिल्याची असते.

वाडीत कुराण वाचणारं किंवा उर्दू जाणणारं कोणी असलं तर आपण त्यांच्याकडे फोटो नेतो. त्यांना अक्षरं लागतात, त्याचा उपयोगही होतो. पण चिठ्ठीवर जेर-जबर, म्हणजे स्वरांच्या खुणा, छापलेले नसतात, शब्द औषधांतले असतात, आणि पेशावरच्या ड्रायव्हरचं जे झालं तेच होऊ शकतं. वाचलेलं बरोबर, लावलेला अर्थ चूक. त्यांनी वाचलेलं पडताळा म्हणून घ्या, डोस म्हणून नको.

खोक्यात घडी घातलेला एक कागदही असतो. फेकू नये. त्याच्या एका बाजूला अरबी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी असते. चुकलेली गोळी नंतर घ्यावी की नाही, कुठल्या औषधासोबत चालत नाही, हे त्यात असतं. इंग्रजी बाजूचा फोटो आला की तुमच्या मेडिकलवाल्याला तो दाखवता येतो. पट्टीतून गोळी काढायला जिथे नाव छापलंय त्याच्या उलट टोकाकडून सुरुवात करावी, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत नाव शाबूत राहतं. आणि गोळ्या काढून डबीत भरून ठेवू नयेत. डबीतल्या सुट्या गोळीचा फोटो बघून मला काय, कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

तुम्ही म्हणालात बीपीच्याही गोळ्या आहेत. तिथेही हाच घोळ होतो, फक्त खुणा वेगळ्या. ॲम्लोडिपिन इथल्या एका नावाने आणि तिकडच्या दुसऱ्या नावाने अशी दोनदा गेली तर पाय सुजतात आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. साधी तापाची गोळीही बघा. तिकडचं पॅनाडॉल आणि आपलं क्रोसिन हे एकच पॅरासिटामॉल. धडधाकट माणसानेसुद्धा ते चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर घेऊ नये. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत ते आधीच असतं, म्हणून तीन पाकिटांतून तीन वेळा पोटात जातं आणि लिव्हरवर येतं.

मिस्टरांची रात्रपाळी असेल तर ‘नाश्त्याआधी’ म्हणजे नेमकं कधी, हे डॉक्टरांनाच विचारायला हवं. रात्रभर काम करून सकाळी गोळी घेऊन थेट झोपणारी माणसं मी पाहिली आहेत. गोळी पोटात, जेवण नाही, आणि आठ तास झोप. रोजे धरणाऱ्यांनी तर रमजानच्या आधीच डॉक्टरांकडे जाऊन वेळ आणि डोस बदलून घ्यायला पाहिजे, आपल्या मनाने पुढे-मागे करू नये.

घरून गोळ्या पाठवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढची पायरी तीच असते म्हणून सांगतो. गावातला कोणी निघाला की त्याच्या बॅगेत गोळ्या द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. शुगर-बीपीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मूळ पट्टीत ज्याच्या त्याने न्याव्यात. पाठदुखीच्या ट्रामाडॉल, झोपेच्या अल्प्राझोलाम, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, नसांसाठीची प्रीगाबालिन, ही औषधं आखाती देशांत कडक बंधनाखाली आहेत. परवानगीशिवाय बॅगेत सापडली तर नेणारा तुरुंगात जाऊ शकतो. ती दुसऱ्याच्या बॅगेत कधीही देऊ नका.

शेवटचं, फोनवर बोलताना मिस्टरांना ‘समजलं ना?’ असं विचारू नका. हो असंच उत्तर येतं. व्हिडिओ कॉलवर एकेक गोळी हातात धरून, ही कशाची आणि आज किती वाजता घेतली, हे त्यांनाच सांगायला लावा. त्यांच्या खिशात साखरेच्या पुड्या असू द्या. गार घाम, थरथर, गोंधळ वाटलं तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात, किंवा अर्धा ग्लास साधा ज्यूस वा पेप्सी, डाएट नव्हे. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच, आणि नंतर जेवण. बिस्किटं किंवा चॉकलेट त्या क्षणी उपयोगी नाहीत, त्यांची साखर रक्तात हळू मिसळते. माणूस गिळू शकत नसेल किंवा शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, सोबत्याने सरळ ९९७ ला फोन करावा, ती सौदीतली ॲम्ब्युलन्स. तब्येतीविषयी नुसतं विचारायचं असेल तर ९३७ हा तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा नंबर आहे. हे दोन्ही आकडे खोलीतल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये साठवायला सांगा, फक्त मिस्टरांच्या नाही.

आज पट्ट्यांचे फोटो आले की ते, आणि त्यांच्या इथल्या जुन्या पट्ट्या किंवा डॉक्टरांची जुनी फाइल, असं दोन्ही घेऊन तुमच्या मेडिकलवाल्याकडे जा आणि एवढंच विचारा, यात कुठलं औषध दोनदा आलंय का?